पिन बसली, पण मॉनिटर गेला

जून महिना म्हणजे आमच्याकडे दाखल्यांचा हंगाम. बार्शीत कचेरीसमोर एक ताई दाखले काढून देण्याचं केंद्र चालवतात. अकरावीचे प्रवेश सुरू, दारात पोरांची रांग, आणि नेमकं त्याच आठवड्यात त्यांनी गाळा बदलला. सामान टेम्पोतून आलं, पण वायरींचं खोकं आलंच नाही. त्यात मॉनिटरचा अडॅप्टर होता आणि राउटरचाही.

राउटरचं काम त्यांनी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भागवलं. मॉनिटरसाठी मात्र जवळच्या एका दुकानातून अडॅप्टर आणला. पिन बरोबर बसली, मॉनिटर लागला, आठवडाभर चाललाही. मग एके दिवशी भर गर्दीत स्क्रीन दोनदा लुकलुकली, काळी पडली आणि मागच्या जाळीतून जळका वास आला. ताई मॉनिटर पोत्यात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आल्या. सोबत शेजारीपाजारी मागून गोळा केलेल्या अडॅप्टरांची पिशवी. "दादा, यातला एखादा चालेल का बघा. तो आणलेला खराब निघाला वाटतं."

अडॅप्टर खराब नव्हता. मीटरवर चोख 19 व्होल्ट दाखवत होता, आणि खरी भानगड तीच होती. मॉनिटरच्या मागच्या स्टिकरवर स्पष्ट छापलं होतं, डीसी 14 व्होल्ट.

ही पिन आमच्या धंद्यातली मोठी फसवी चीज आहे. बाहेरून जाड नळी, 6.5 मिलिमीटरची, आणि आत मधोमध एक बारीक सुई. एका नामांकित कंपनीचे मॉनिटर हीच पिन लावून 14 व्होल्टवर चालतात, दुसऱ्या तितक्याच नामांकित कंपनीचे 19 वर, आणि काही जुने लॅपटॉप 19.5 वर. तिन्हींत सुईला अधिक, बाहेरच्या नळीला उणे. म्हणजे आकार जुळतो, ध्रुव जुळतात, फक्त व्होल्ट जुळत नाहीत, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. दुकानदार पिन घालून बघतो, दिवा लागला की बिल फाडतो.

मॉनिटर उघडला. आत येणाऱ्या 14 व्होल्टचे 5 व्होल्ट करणारी आठ पायांची एक छोटी आयसी असते. तिच्या पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा पडलेला. भिंगाखाली नंबर वाचून तिचं डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक काढलं, तर इनपुट कमाल 18 व्होल्ट. पूर्ण नाश व्हायची हद्द त्याहून थोडी वर होती, 20 ला. म्हणजे 19 व्होल्टवर ती आयसी लगेच मरणार नव्हती आणि जगणारही नव्हती. मधल्या पट्ट्यात आठवडाभर तापत राहिली, आणि लाईट जाऊन आल्यावर किंवा बटण दाबल्यावर क्षणभर जो जास्तीचा झटका येतो, त्यातल्याच एखाद्याने तिला आतून शॉर्ट केलं असावं. अशी आयसी शॉर्ट झाली की अडवणारं कोणी उरत नाही. 5 व्होल्टच्या रेषेवर थेट 19 जातात.

मी आयसी काढली. टेबलावरच्या, हवा तेवढा व्होल्ट देणाऱ्या बेंच सप्लायला करंटची मर्यादा लावली आणि 5 च्या रेषेवर फक्त 1 व्होल्ट सोडला. सप्लाय लगेच मर्यादेला टेकला, आणि चित्र तयार करणारी मुख्य चिप बोटाला चटका बसेल इतकी तापली. तिथे कळलं की नवी आयसी टाकून उपयोग नाही. तीस-चाळीस रुपयांची आयसी जाताना बोर्डच घेऊन गेली होती. त्या मॉडेलचा बोर्ड भंगारवाल्यांकडेही मिळाला नाही.

ताईंच्या परवानगीने मी त्या दुकानदाराला फोन केला. भांडायला नाही, त्याने तोच अडॅप्टर आणखी कोणाला त्याच मॉनिटरसाठी देऊ नये म्हणून. तो म्हणाला, "अहो, लॅपटॉपला 19 च्या जागी साडेएकोणीस चालतोच की. आणि आठवडाभर चालला ना मॉनिटर? मग माझ्या अडॅप्टरचा काय संबंध?" या प्रश्नाचं उत्तर फोनवर पटकन देता येत नाही, म्हणून तो अजून माझ्या डोक्यात आहे. 19 च्या जागी 19.5 म्हणजे अडीच टक्क्यांचा फरक. तेवढा कोणत्याही बोर्डला झेपतो. मी स्वतः पाच टक्क्यांपर्यंत फारसा विचार करत नाही. 14 च्या जागी 19 म्हणजे पस्तीस टक्क्यांहून जास्त. त्याच्या दुसऱ्या वाक्यातली मेख मात्र जास्त वाईट. चालला म्हणजे जुळला, हे गिऱ्हाईकही मानतं आणि दुकानदारही. उलटं झालं असतं, 19 च्या मॉनिटरला 14 दिला असता, तर दिवा लुकलुकला असता, स्क्रीन लागून विझली असती आणि चूक लगेच कळली असती. व्होल्ट कमी पडला की यंत्र बहुधा तक्रार करतं. जास्त झाला की बऱ्याचदा काही न बोलता चालतं.

आता राउटर. तो ताईंनी पिशवीतच आणला होता. पाठीवर 12 व्होल्ट, 1 अँपिअर, आणि ते छोटं चित्र: मधला ठिपका अधिककडे जोडलेला, बाहेरची अर्धी कड उणेकडे. या चित्राकडे कोणी बघत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना ते कंपनीचं बोधचिन्ह वाटतं.

पिशवीतले अडॅप्टर टेबलावर मांडले. ताईंनी एक उचलून वाचलं, "हा 240 चा आहे, नको बाई." लेबलवरची पहिली ओळ इनपुटची असते, 100 ते 240 व्होल्ट हे भिंतीकडून येणारं. आपल्याला खालची आउटपुटची ओळ हवी. अँपिअरचंही तसंच. इनपुटपुढचा अर्धा अँपिअर वाचून चांगला अडॅप्टर बाजूला ठेवणारे लोक मी रोज बघतो.

5 व्होल्टचा सेट-टॉप बॉक्सचा निघाला, बाजूला. एक जड, जुना, ट्रान्सफॉर्मरवाला होता, पोराच्या वाजवायच्या कीबोर्डचा, 9 व्होल्टचा. पिन राउटरला अगदी फिट. मी मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवला, लाल प्रोब पिनच्या आतल्या भोकात, काळा बाहेरच्या नळीला. दोन्ही टोकं एकमेकांना टेकणार नाहीत एवढी काळजी घ्यावी लागते. मीटरवर उणे 13 च्या आसपास आकडा आला. ताईंनी विचारलं, उणे कसं? या कीबोर्डांना बऱ्याचदा आतल्या बाजूला उणे आणि बाहेर अधिक असतं, राउटरच्या नेमकं उलटं. आणि लेबलवर 9 असताना 13, कारण आत व्होल्ट स्थिर ठेवणारं काही नसतं. भार नसला की तो वर चढतो. हा राउटरला लावला असता तर नशीब असलं तर आतला संरक्षक डायोड शॉर्ट होऊन बाकीचं वाचलं असतं. डायोड नसता तर राउटरही पोत्यात घालूनच आणावा लागला असता.

उरले दोन. दोन्ही 12 व्होल्टचे, दोन्हींच्या आत अधिक. एक अर्ध्या अँपिअरचा, जुन्या मोडेमचा. दुसरा सीसीटीव्ही कॅमेऱ्याचा, 2 अँपिअर. ताईंनी अर्ध्या अँपिअरचा उचलला. "कमी करंट म्हणजे सेफ ना? दोनचा जास्त करंट ढकलेल." त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही, कारण 19 व्होल्टचा ताजा अनुभव होता. पण अँपिअर ढकलले जात नाहीत, यंत्र हवे तेवढे घेतं. पंगतीला शंभर माणसांचा स्वयंपाक तयार असला तरी वाढपी कोणाच्या घशात कोंबत नाही. पन्नासांचा स्वयंपाक करून शंभर पानं मांडली, तर मात्र गोंधळ होतो. व्होल्ट तेवढाच, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

तरी लेबलवर मी थांबत नाही. बाजारात 2 अँपिअर लिहिलेले, आत रिकामे वाटावेत इतके हलके अडॅप्टर भरपूर आहेत, आणि मीटर नुसता लावला तर तेही 12 दाखवतात. त्यासाठी माझ्या टेबलावर एक जुगाड आहे: बाईकच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 10 वॅटचा बल्ब आणि त्याला जोडलेली राउटरची मादी पिन. हा बल्ब साधारण 0.8 अँपिअर खेचतो, म्हणजे राउटर पूर्ण जोरात असताना जेवढं खेचेल त्याच्या जवळपास. अर्ध्या अँपिअरचा अडॅप्टर त्यावर लावला. बल्ब लागला, विझला, लागला, विझला. मीटर 12 वरून 4 वर आणि परत वर. अडॅप्टर स्वतःला वाचवायला बंद होत होता. राउटरवर हेच झालं असतं तर दिवे लागले असते, वायफाय सुरू व्हायच्या क्षणी सगळं बंद पडून पुन्हा सुरू झालं असतं, आणि ताईंनी इंटरनेटवाल्याला शिव्या घातल्या असत्या. राउटर सारखा रिस्टार्ट होतो ही तक्रार घेऊन येणाऱ्यांतले निम्मे तरी याच रोगाचे असतात, आणि कंपनीचा माणूस त्यांना नवा राउटर घ्यायला सांगून गेलेला असतो.

कॅमेऱ्याचा अडॅप्टर लावला. बल्ब स्थिर, मीटर 11.9. दहा मिनिटं तसाच ठेवला, हात लावला, कोमट. मग पिन राउटरमध्ये घालून हलवून बघितली. आतलं भोक 2.1 आणि 2.5 मिलिमीटर अशा दोन मापांत येतं. मोठ्या भोकाची पिन बारीक काटीवर बसते पण सैल राहते आणि पंख्याच्या वाऱ्यानेही सुटते. ही घट्ट होती. राउटर सुरू केला, माझा फोन जोडला, चालला.

मॉनिटरच्या जागी मी ताईंना एक जुना, जाड, व्हीजीएवाला मॉनिटर दिला. त्याचा सप्लाय आतच आहे, भिंतीतून सरळ साधी वायर. त्यांनी विचारलं, याचा अडॅप्टर कुठे? मी म्हटलं, याला नसतोच. त्या म्हणाल्या, "मग सगळ्यांनाच असं का करत नाहीत?"

स्क्रीन पातळ करायला सप्लाय बाहेर काढला, हे मी त्यांना सांगितलं. तोवर त्यांचा फोन वाजला, रांगेतल्या कोणाचा तरी, आणि त्या मॉनिटर पोत्यात घालून निघाल्या. कीबोर्डचा अडॅप्टर मी ठेवून घेतला नाही. ज्याचा होता त्याला परत गेला, पण त्यावर जाड मार्करने "आत उणे" लिहून.

त्या दुकानात परवा गेलो होतो. काउंटरवर त्याच पिनचे अडॅप्टर एका डब्यात एकत्र पडलेले, 14 आणि 19 एकमेकांवर. मी म्हटलं निदान दोन डबे करा. त्याने मला चहा पाजला.