जळगावातली एक रात्र आणि दोन माफीपत्रं

अजिंठा बघून जळगावला पोहोचलो तेव्हा रात्रीचे सव्वादहा झाले होते. साठेक किलोमीटरचाच रस्ता, पण मध्ये चहाला थांबलो, आईचे गुडघे मोकळे करायला थांबलो, आणि उशीर झाला. लेण्यांबद्दल इथे काही लिहीत नाही. त्या सुंदर आहेत, सोमवारी बंद असतात, आणि त्या दिवशी आईने माझ्यापेक्षा जास्त पायऱ्या चढल्या. एवढं पुरे.

हॉटेलच्या दारात घोडा उभा होता. लग्नाची वरात नुकतीच आत गेली होती, लॉबीत गुलाबपाकळ्यांचा चिखल. काउंटरवरच्या मुलाने माझं नाव ऐकलं, स्क्रीनकडे बघितलं आणि मग आमच्या बॅगांकडे. त्या क्षणी मला सगळं कळलं. कारण नाशिकच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला चार वर्षं मीही असंच बॅगांकडे बघितलेलं आहे.

"ताई, थोडा प्रॉब्लेम झालाय. तुमची सोय आम्ही दुसरीकडे केलीये, याच्यासारखंच हॉटेल आहे."

आमच्या धंद्यात याला 'वॉक करणं' म्हणतात. खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घ्यायचं, कारण काही लोक येतच नाहीत. त्या मुलाने नंतर हिशोब सांगितला. खोल्या चाळीस. वऱ्हाड आदल्या दिवसापासून चोवीस खोल्यांत होतं, आणि आजची नवी बुकिंग अठरा. म्हणजे बेचाळीस. दोन-तीन जण येणार नाहीत असा त्यांचा रोजचा अंदाज. पण लग्नाची तिथी असली की गावात कुठेच खोली नसते, मग ज्याच्याकडे बुकिंग आहे तो झक मारत येतोच. त्यात एका खोलीत संध्याकाळी पाइप फुटला. उरल्या एकोणचाळीस. एकच जण आला नाही, तरी दोघं बाहेर पडणारच होते. त्या दोघांतल्या एक आम्ही.

आम्हीच का, तेही मला माहीत होतं. एकाच रात्रीचं बुकिंग, तेही अ‍ॅपवरून, सवलतीच्या दरात, आणि सगळ्यात उशिरा आलेलो. वऱ्हाडातल्या मामांना हलवलं तर लग्न मोडेल; पुण्याच्या बाईला हलवलं तर फार तर एक वाईट रिव्ह्यू. मीही हाच हिशोब करायचे. फक्त एक गोष्ट आम्ही विचारायचो, सोबत म्हातारं माणूस किंवा लहान मूल आहे का. इथे कोणी विचारलं नाही.

दुसरं हॉटेल स्टेशनच्या बाजूला, आणि गाडी लावायला तिथे जागा नाही. म्हणून गाडी इथेच ठेवून हॉटेलने बोलावलेल्या रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने विचारलं, "कथा जानं शे?" आईला त्याची अहिराणी इतकी आवडली की तिचा राग तिथेच संपला. माझा वाढला, कारण 'याच्यासारखंच' हॉटेल तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. बहात्तर वर्षांची बाई प्रत्येक वळणावर कठडा धरून थांबत होती आणि मी मागून दोन बॅगा घेऊन. तारांकन सारखं होतं, दर थोडा जास्तच होता, गादीही चांगली होती. पण जिना रिव्ह्यूत दिसत नाही.

सकाळी चहाबरोबर पाकीट आलं. पहिल्या हॉटेलचं पत्र. इंग्रजीत, लेटरहेडवर, माझं आडनाव चुकलेलं. अर्थ असा: अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे आपली गैरसोय झाली, त्याबद्दल दिलगीर आहोत; सदिच्छा म्हणून पुढच्या मुक्कामात वीस टक्के सूट, सहा महिन्यांसाठी वैध, शनिवार-रविवार आणि लग्नतिथी वगळून.

मला हसू आलं आणि लाजही वाटली. 'तांत्रिक कारण' हे शब्द मी स्वतः किती वेळा टाईप केलेत! तांत्रिक काही नसतं. बेचाळीस बुकिंग माणसाने घेतलेली असतात. आणि सूट म्हणजे भरपाई नव्हे. पुण्याच्या माणसाने ती घ्यायची तर आधी परत जळगावला यायचं, तेही सहा महिन्यांत, मधल्या वारी, आणि त्याच हॉटेलला पुन्हा पैसे द्यायचे.

मी फोन केला. भांडले नाही, फक्त विचारलं की माझं बुकिंग तुमच्या सिस्टीममध्ये काय म्हणून बंद केलंय? पलीकडे शांतता. खरी मेख इथे आहे. पाहुण्याला दुसरीकडे पाठवल्यावर बुकिंग अ‍ॅपला तसं कळवावं लागतं. घाईत किंवा मुद्दाम कोणी 'पाहुणा आला नाही' अशी नोंद केली की अ‍ॅपच्या लेखी चूक तुमची ठरते, आणि आगाऊ भरलेले पैसे अडकतात. मग तुम्ही आलात, दारात उभे राहिलात, याचा पुरावा काय? हे पत्रच. पण त्यात तारीख, बुकिंग नंबर आणि 'खोली आम्ही देऊ शकलो नाही' हे स्पष्ट वाक्य हवं. माझ्या हातातल्या पत्रात तिन्हीपैकी एकही नव्हतं.

दुपारी अकराला मॅनेजर स्वतः आले. पन्नाशीचे गृहस्थ, तीन जिने चढून धापा टाकत. मला वाटतं, त्या धापांमुळेच दुसरं पत्र चांगलं झालं. मग त्यांच्या हॉटेलात जाऊन त्यांनी ते मराठीत लिहून घेतलं, माझ्यासमोर. मी एक-दोन शब्द सुचवले, जुनी खोड. ते असं होतं:

"आपलं एका रात्रीचं बुकिंग आमच्याकडे पक्कं होतं आणि आपण रात्री सव्वादहाला हजर होता. आम्ही खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घेतल्यामुळे आपल्याला खोली देऊ शकलो नाही. चूक आमची आहे. आपल्यासोबत वयस्कर आई आहेत हे समोर दिसत असूनही पर्यायी हॉटेलात लिफ्ट आहे का, हे आम्ही पाहिलं नाही. त्याबद्दल विशेष माफी मागतो. आपण भरलेले २,८०० रुपये पूर्ण परत मिळतील, तसं अ‍ॅपला आज कळवलं आहे. दुसऱ्या हॉटेलचं ३,४०० रुपयांचं बिल आम्ही भरलं आहे. रिक्षाचे जाण्यायेण्याचे पैसे आमच्याकडे. आज रात्री राहायचं असल्यास तळमजल्यावरची खोली आमच्यातर्फे."

खाली सही, शिक्का, बुकिंग नंबर आणि त्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर. सूट-बिट काही नाही. मी म्हटलं, 'विशेष माफी' मधला 'विशेष' काढा. ते म्हणाले, "राहू द्या ताई, तो आजींसाठी आहे."

राहिलो. वऱ्हाड गेलं होतं, लॉबी धुतली होती. त्यांनी डब्यातून भरीत-पुरी पाठवली, त्यांच्या घरची. हिवाळ्यात इथे पांढरट-हिरवी मोठाली वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, त्या धुराचा वास पुऱ्यांनाही लागला होता. ही भरपाई पत्रात नव्हती आणि आईच्या मते तीच खरी. मला तसं वाटत नाही. भरीत खाऊन २,८०० विसरणारी गिऱ्हाइकं आम्हाला नाशिकमध्येही फार आवडायची.

पुढचे दोन दिवस पद्मालय आणि पाटणादेवी. थंडी छान होती.

पैसे सहाव्या दिवशी खात्यात आले. पत्र आईने मागून घेतलंय. पोथीत ठेवलंय, तिच्या नावाने आजवर कोणी सही-शिक्क्याने माफी मागितली नव्हती म्हणे.