दवाखान्याच्या ओपीडी रजिस्टरचा डेटा डिक्शनरी बनवताना माझी झालेली दमछाक

मामाचा दवाखाना सांगलीकडे एका छोट्या गावात आहे, रजिस्टर वहीत लिहायचं आणि मग संध्याकाळी कुणीतरी एक्सेलमध्ये भरायचं अशी पद्धत. मी सुट्टीला गेलो तेव्हा मामा म्हणाला, अरे शुगरच्या पेशंट्सची जरा सरासरी काढून दे, कोण कंट्रोलमध्ये आहे ते बघू. मला वाटलं पाच मिनिटांचं काम.

एका काकूंच्या चार व्हिजिट होत्या, शुगरच्या कॉलममध्ये १४२, २१०, ७.८ आणि ०. एक्सेलने सरासरी दिली ८९.९५. मामा खूश होणारच होता, एवढ्यात त्यालाच शंका आली की या बाईंची शुगर ९० कशी, गोळ्या तर वाढवल्यात. मग वही काढली. १४२ उपाशीपोटीची, २१० जेवणानंतर दोन तासांची, ७.८ ही शुगरच नव्हती, ते एचबीएवनसी होतं, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी टेस्ट, टक्क्यांत, आणि ० म्हणजे त्या दिवशी तपासलीच नव्हती. एक्सेल रिकामा सेल सरासरीत धरत नाही पण शून्य धरतं, म्हणजे न केलेल्या टेस्टने सरासरी खाली ओढली. आणि उरलेल्या १४२ आणि २१० ची सरासरी काढण्यातही अर्थ नाही, दोन वेगळ्या वेळांच्या शुगर आहेत त्या.

तर त्या रात्री डेटा डिक्शनरी म्हणून एक वेगळं शीट उघडलं, प्रत्येक कॉलमसमोर त्याचा अर्थ, युनिट, काय चालेल आणि रिकामं कधी सोडायचं. शुगरचे एकाचे चार कॉलम झाले:

```
sugar_mgdl | mg/dL | 20-600 | तपासली नाही तर रिकामं, 0 नाही
sugar_type | -     | F, PP, R
sugar_flag | -     | HI, LO
hba1c_pct  | %     | 3-18
```

F उपाशीपोटी, PP जेवणानंतर, R कधीही. sugar_flag कशाला म्हणाल तर आमचा ग्लुकोमीटर ६०० च्या वर गेलं की आकडा देतच नाही, नुसतं HI दाखवतो, आणि भरणाऱ्याने तिथे ६०० टाकलेलं सापडलं, म्हणजे सगळ्यात गंभीर पेशंटचा आकडा अंदाजपंचे. आता तिथे आकडा रिकामा आणि flag मध्ये HI.

खरी भांडणं वयावर झाली. वयाच्या कॉलममध्ये नुसतं ८. सिस्टर म्हणाल्या, अहो ते बाळ आहे, आठ महिन्यांचं, वजन बघा की सात किलो! बरोबर आहे, पण शीट वाचणाऱ्याने वजनावरून वय ओळखायचं का? पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो म्हणून त्या वेळी काही बिघडलं नाही, पण वयोगटाच्या यादीत ते बाळ तिसरीतल्या पोरांत बसलं होतं. मी म्हटलं जन्मतारीखच घेऊ, तर कंपाउंडर काका हसायला लागले. आधारवर बघा, अर्धं गाव १ जूनला जन्मलंय! शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली तारीख ती. म्हणून age_value आणि age_unit असे दोन कॉलम, unit मध्ये D, M किंवा Y, दोन वर्षांच्या आत महिने आणि महिन्याच्या आत दिवस.

तापाचं सोपं निघालं. आमचं सगळं फॅरेनहाइटमध्ये, पण नवा डिजिटल थर्मामीटर सेल्सिअसवर सेट होऊन आला होता आणि १०१ च्या ओळीत मध्येच ३८.४, म्हणजे १०१.१ च की. कॉलमचं नाव temp_f केलं आणि डेटा व्हॅलिडेशनमध्ये ९४ ते १०८ टाकलं, आता ३८ लिहिलं की एक्सेल घेतच नाही. बीपी १३०/८० असं एकाच सेलमध्ये होतं, एक्सेलला तो मजकूर वाटतो, म्हणून bp_sys आणि bp_dia वेगळे.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो नवीन-जुनी केसच्या कॉलमने. सिस्टरांसाठी नवीन म्हणजे पहिल्यांदा आलेला पेशंट, काकांसाठी नवीन म्हणजे ज्याची फी घ्यायची तो, मामासाठी नवीन म्हणजे नवी तक्रार. तिघंही गेली कित्येक वर्षं एकाच कॉलममध्ये लिहितायत! शेवटी ठरलं, त्याच तक्रारीसाठी सात दिवसांत परत आला तर O, नाहीतर N, आणि फी हा वेगळाच कॉलम. बीपी-शुगरवाले महिन्याला येतात त्यांना या नियमाने दर वेळी N मिळतो, ते मामाला पटेना, म्हणून त्यांच्यासाठी C घातलं.

जुन्या नोंदी मी बदलल्या नाहीत, बदलायच्या कशावरून? ज्या तारखेपासून नियम लागू झाला ती शीटच्या वर लिहिली. वहीच्या आतल्या कव्हरवर एक प्रिंट चिकटवलाय. परवा सिस्टरांचा फोन आला, पेशंटने उपाशीपोटी म्हणून सांगितलं पण चहा पिऊन आला होता, F लिहू का R? R लिहा म्हटलं.