भागधारक नसलेल्या रुग्णालयाचा डिस्काउंट रेट

एका धर्मादाय ट्रस्टच्या ग्रामीण रुग्णालयाची सौरऊर्जेची फाइल आमच्याकडे पडताळणीला आली, तेव्हा सल्लागाराचा निष्कर्ष पहिल्याच पानावर होता: प्रकल्प परवडत नाही. देणगीदार ३० लाख रुपये द्यायला तयार होता. सौर संच आणि बॅटऱ्या बसवल्या की वीजबिल आणि डिझेल मिळून, देखभालीचा खर्च वजा जाता, वर्षाला ३.२ लाख वाचणार होते. संचाचं आयुष्य २० वर्षं धरलं होतं आणि दहाव्या वर्षी ८ लाखांच्या नव्या बॅटऱ्या. सगळे आकडे आजच्या किमतींत मांडलेले. त्यावर १२ टक्के डिस्काउंट रेट, म्हणजे पुढच्या वर्षांतले पैसे आजच्या मोलात आणताना दर वर्षामागे घटवायचा दर, लावल्यावर निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे सगळ्या बचतीचं आजचं मोल वजा सगळ्या खर्चाचं आजचं मोल, उणे ८.७ लाख येत होतं.

हा १२ टक्के आला कुठून, हाच त्या दिवशीच्या बैठकीतला खरा प्रश्न होता. सल्लागाराची बहुतेक कामं कंपन्यांची. कंपनीचा दर म्हणजे कर्जाचं व्याज आणि भागधारकांना अपेक्षित परतावा यांची सरासरी. इथे भागधारकच नाहीत, म्हणजे त्या सरासरीचा मोठा भाग निराधार होता. यावर एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "मग शून्य धरा. देणगीच्या पैशावर आपल्याला कुणाला व्याज द्यायचंय?" शून्याने उत्तर अधिक २६ लाख येतं. पण तेही खरं नाही. देणगी याच कामासाठी बांधलेली असली, तरी दरवर्षी वाचणारे पैसे ट्रस्टच्या हातात मोकळे येतात आणि ते कुठेतरी व्याज मिळवू शकतात. आज हातात असलेला रुपया आणि वीस वर्षांनंतरचा रुपया ट्रस्टलाही सारखे नसतात.

तेव्हा विचारायचं ते इतकंच: या ट्रस्टला पैसा दुसरीकडे कायदेशीरपणे कुठे ठेवता येतो? आयकर कायदा धर्मादाय संस्थांना गुंतवणुकीचे मोजकेच मार्ग देतो, त्यात मुख्य म्हणजे बँकेतली मुदत ठेव आणि सरकारी रोखे. शेअर बाजारातून १२ टक्के मिळवायची वाट साधारणपणे बंदच असते. ट्रस्टच्या ठेवींवर तेव्हा ७ टक्के मिळत होते. कर्ज काढणारी संस्था असती तर कर्जाचा दर घ्यावा लागला असता. पण इथे कर्ज नव्हतं, त्यामुळे तो दर इथे लागू होत नाही.

म्हणून ७ टक्के? इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. ठेवीच्या ७ टक्क्यांत महागाई मिसळलेली असते, आणि फाइलमधली बचत मात्र आजच्या किमतींत होती. दोन्ही एकाच मापात आणायला हवेत. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं ४ टक्क्यांचं लक्ष्य घेतलं तर १.०७ ÷ १.०४ − १ म्हणजे सुमारे २.९ टक्के, आम्ही ३ धरले. आजच्या किमतींतल्या बचतीला ७ टक्के लावले तर मूल्य उणे १७ हजार येतं, ३ लावले तर अधिक ११.७ लाख. प्रकल्प तोच आहे, फक्त महागाई एकदा मोजली की दोनदा, एवढाच फरक. कुठलीही फाइल उघडली की मी आधी दहाव्या वर्षाचं वीजबिल बघते. ते पहिल्या वर्षाइतकंच असेल, तर दर महागाई वगळूनच हवा.

सल्लागाराने मग जोखमीसाठी दर वाढवायला सांगितलं: बॅटऱ्या दहा वर्षं टिकतीलच कशावरून? शंका रास्त होती, उपाय उलटा. दर वाढवला की भविष्यातला खर्चही लहान दिसतो. ३ टक्क्यांनी त्या ८ लाखांचं आजचं ओझं सुमारे ६ लाख आहे, १२ टक्क्यांनी जेमतेम २.६ लाख. ज्या धोक्याची भीती, तोच कागदावरून पुसला जातो. म्हणून दर तसाच ठेवून आम्ही बॅटऱ्या सातव्या आणि चौदाव्या वर्षी बदलून पाहिल्या. मूल्य अधिक ५.८ लाखांवर आलं. प्रकल्प तरीही तगतो.

देणगीदाराच्या नियमावलीत स्वतःचा दर असेल तर तोही शेजारी दाखवावा. आशियाई विकास बँकेचा साधारण ९ टक्के आहे, ब्रिटिश सरकारच्या ग्रीन बुक या प्रकल्प तपासायच्या मार्गदर्शिकेत ३.५, दोन्ही महागाई वगळून. पण ते दर सरकारी पैशाच्या आणि त्या त्या देशांच्या परिस्थितीतून आलेले असतात, ट्रस्टच्या तिजोरीतून नाही. आणि देणगी एकच असून मागण्या अनेक असतील, तर त्या टंचाईसाठीही दर वाढवायचा नाही. प्रत्येक प्रस्तावाचं निव्वळ मूल्य भागिले लागणारी देणगी, असा क्रम लावायचा.

ठरावात विश्वस्तांनी आणखी एक ओळ घातली. पहिल्या बॅटऱ्या देणगीदार देतो, पुढच्या ट्रस्टला घ्याव्या लागतात. त्याच ३ टक्क्यांनी हिशेब केला, तर दहा वर्षांनी ८ लाख उभे करायला दरवर्षी सुमारे ७० हजार वेगळ्या ठेवीत टाकावे लागतात, महागाईप्रमाणे वाढवत. वाचलेल्या ३.२ लाखांतून ती रक्कम आधी काढायची आणि उरलेली औषधांकडे वळवायची, असं ठरलं.