शेवटच्या मेलमध्ये नावं नकोत

"मी मॅनेजर आहे आणि टीम सोडतेय. निरोपाचा मेल आपुलकीचा हवा, पण लांबलचक नको आणि रडवाही नको. काय लिहू?"

मी पहिल्यांदा टीम सोडली तेव्हा नऊ जणांपैकी सहा जणांचे नाव घेऊन आभार मानले आणि पुढे 'आणि इतर सगळे' असं लिहिलं. त्या 'इतर'मध्ये आमची टेस्टर होती. दोन वर्षं तिने एकही रिलीज न तपासता पुढे जाऊ दिली नव्हती. तिचं उत्तर एका शब्दाचं आलं: 'शुभेच्छा.' ते मला अजून खुपतं.

तेव्हापासून टीमच्या मेलमध्ये मी नावं घेत नाही, प्रसंग लिहिते. नावांची यादी आली की प्रत्येक जण आधी आपलं नाव शोधतो. प्रसंग वाचताना मात्र ज्याचा त्यात हात होता त्याला ते लगेच कळतं, आणि बाकीच्यांनाही.

आठवडाभर आधी मी एका कागदावर सगळ्यांची नावं लिहिते आणि प्रत्येकापुढे त्या व्यक्तीने केलेली, मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट. 'खूप मेहनती' चालत नाही. 'सर्व्हर बंद पडला त्या रविवारी ग्राहकांचे फोन एकटीने घेतले' हे चालतं. जे वाक्य दुसऱ्या कुठल्याही टीमला पाठवता येईल, ते खोडायचं. कोणाबद्दल काहीच आठवलं नाही, तर जुने मेल उघडून बसायचं; लक्ष आपलं नव्हतं, काम त्यांनी केलेलंच असतं. यातले तीन प्रसंग मेलमध्ये जातात. बाकीचे दोन-दोन ओळींच्या वेगळ्या निरोपांत, ज्याचे त्याला, नावानिशी. मागच्या खेपेचा मेल असा होता:

विषय: उद्या माझा शेवटचा दिवस, आणि सोमवारपासून कोणाकडे काय

"नमस्कार,

उद्या, शुक्रवारी, माझा इथला शेवटचा दिवस.

बिलांचं मॉड्यूल दोनदा मागे घ्यावं लागलं, तेव्हा चूक कोणाची हे कोणीच विचारलं नाही. तुम्ही फळ्यावर कारणं लिहून काढलीत आणि तिसऱ्या खेपेला ते टिकलं. रिलीजच्या आधी 'अजून एकदा बघू' म्हणणारा आवाज मला सुरुवातीला अडथळा वाटायचा. नंतर मी त्याची वाट बघायला लागले. नव्याने येणाऱ्यांसाठी तुम्ही आपणहून लिहिलेली सेटअपची पानं मीही वापरली.

ऑन-कॉलच्या पाळ्या सगळ्यांना सारख्या करायच्या होत्या, ते माझ्याकडून राहिलं. त्याचं टिपण नव्या मॅनेजरना दिलं आहे.

सोमवारपासून रजा आणि खर्चाच्या मंजुऱ्या त्यांच्याकडे. तुमच्या वर्षभराच्या कामाच्या नोंदी मी तुम्हाला दाखवल्या होत्या, त्याच त्यांच्याकडे दिल्या आहेत.

तुमच्याबरोबर काम करायला मला मनापासून आवडलं. शिफारसपत्र लागलं तर खालच्या पत्त्यावर लिहा."

रजेचा आणि नोंदींचा परिच्छेद कोरडा वाटेल, पण मला तोच सगळ्यांत आपुलकीचा वाटतो. मॅनेजर जाणार हे कळलं की लोकांच्या मनात पहिली धास्ती हीच असते: मंजूर झालेली रजा टिकेल ना, वर्षभर केलेलं काम नव्या माणसाला कोण सांगणार? त्याचं उत्तर लेखी मिळालं की माणूस निश्चिंत होतो. राहून गेलेल्या कामाचं वाक्यही म्हणूनच आहे. ते एकच ठेवायचं, आणि पुढे ते कोणाकडे दिलं हे सांगायचं; नाहीतर ती नुसती माफी होते आणि टीमला आपलीच समजूत काढावी लागते.

मेल रडवा होतो तो आपण स्वतःच्या भावनांवर घसरलो की. 'तुम्ही माझं कुटुंब आहात', 'जड अंतःकरणाने' ही वाक्यं वाचणाऱ्याकडून हुंदका मागतात. स्वतःच्या मनातलं मी एका वाक्यात लिहिते, तेही शेवटाकडे. सोडण्याचं कारण आणि नवी नोकरी मेलमध्ये नसतेच. ते टीमला तोंडी आधीच सांगितलेलं असतं. ही बातमी मेलमधून पहिल्यांदा कळणं फार वाईट.

पाठवायची वेळ आदल्या दिवशी दुपारची. एकदा मी शेवटच्या संध्याकाळी पाठवला, तासाभरात माझं खातं बंद झालं आणि लोकांनी काय लिहिलं ते मला कधीच वाचता आलं नाही. इतर विभागांना चार ओळींचा वेगळा मेल जातो, कारण फळ्यावरची कारणं त्यांच्यासाठी नसतात. आणि पाठवण्याआधी मंजुऱ्यांचं वाक्य नव्या मॅनेजरना वाचून दाखवते: सोमवारी सकाळी पहिला रजेचा अर्ज त्यांच्याकडेच जाणार असतो.