गेली, जाते आणि गेलीच नाही

मराठीतलं ‘जाणे’ हे क्रियापद बाईच्या शरीराबद्दल बोलताना जेवढा गोंधळ घालतं, तेवढा दुसरं कुठलंही घालत नसेल. पाळी जाते, अंगावर जातं, पिशवीही जाते. तीन वेगळ्या गोष्टी, क्रियापद मात्र एकच.

नागपूरच्या धंतोलीतल्या एखाद्या दवाखान्यात त्रेपन्न वर्षांच्या काकू येऊन सांगतात, “पाळी तं गेली जी माही, दोन वर्सं झाले. पण मधीमधी अंगावर जाते.” ऐकणारीला सगळं कळल्यासारखं वाटतं. ती ‘रजोनिवृत्ती’ लिहिते, पुढे ‘पांढरं जाणे’ लिहिते, आणि काकू गोळ्यांची पुडी घेऊन घरी जातात. काकूंना म्हणायचं होतं रक्त. ‘अंगावर जाणे’ पांढऱ्यासाठीही म्हणतात आणि लालसाठीही. कुणाच्या घरात काय अर्थ हे त्या घरातल्या बायकांनाच ठाऊक.

आता तेच नीट विचारून बघू. “काकू, अंगावर जातं म्हणता, ते रक्त की पांढरं पाणी?” त्यांचा शब्द सोडायचा नाही, दुरुस्तही करायचा नाही; त्याला फक्त रंग जोडायचा. लाल, गुलाबी, तपकिरी हे तिन्ही रक्तच, हे सोबत सांगायचं, कारण तपकिरी डागाला बऱ्याच जणी रक्तात धरत नाहीत. दुसरा प्रश्न जागेचा. डाग कपड्यावर आपोआप पडतो, की लघवी करताना किंवा संडासच्या वेळी दिसतो? मूळव्याधीचं रक्तही साडीला लागतं. ‘खालून’ या शब्दात तिन्ही वाटा एक होऊन जातात, म्हणून एकदाच शांतपणे सांगून टाकावं: पुढे लघवीचं छिद्र, मधे योनी, म्हणजे जिथून पाळी येते आणि बाळ बाहेर येतं ती वाट, आणि मागे शौचाची जागा. ‘योनी’ म्हणताना आवाज खाली आणला, की शब्द घाण होतो. कोपर म्हणतो त्याच आवाजात म्हटला, तर समोरची फार तर एकदा पदर सावरते आणि पुढचं बोलू लागते.

तिसरा प्रश्न ‘गेली’चा. “पाळी गेली म्हणजे शेवटचं रक्त नेमकं कधी दिसलं?” काकू बोटं मोजतात. पोळ्याच्या आसपास? नाही, त्यानंतरही एकदा आली होती, संक्रांतीला. म्हणजे दोन वर्षांपूर्वी पाळी गेली नव्हती, अनियमित व्हायला लागली होती. आज आषाढ, संक्रांतीला सहा महिने होताहेत. ही रजोनिवृत्ती नाही, तिच्या आधीचा काळ आहे. रजोनिवृत्ती सलग बारा महिने रक्त न दिसल्यावरच म्हणता येते, तीही मागे वळून. अकराव्या महिन्यात पाळी आली, तर मोजणी पुन्हा एकपासून. तोवर दिवस राहू शकतात. म्हणूनच पन्नाशीनंतर पाळी बंद झाली तर पुढे एक वर्ष, आणि त्याआधी बंद झाली तर दोन वर्षं गर्भनिरोधक चालू ठेवायला सांगतात.

उत्तर वेगळं आलं असतं, समजा खरोखरच दोन वर्षं काहीच नव्हतं आणि आता डाग दिसला, तर सगळंच बदलतं. बारा महिन्यांनंतरचा एक डागसुद्धा पाळी नव्हे. ‘पुन्हा सुरू झाली’ असं म्हणून बाया खूश होतात, तरुणपण परत आल्यासारखं. त्यांचा आनंद मोडायला जिवावर येतं, पण मोडावा लागतो. बहुतेकदा कारण साधं असतं: योनीचं आणि गर्भाशयाचं अस्तर पातळ, कोरडं झालेलं. पण गर्भाशयाचा कॅन्सरही याच डागाने सुरू होतो, आणि दोघांमधला फरक डाग बघून कळत नाही. योनीमार्गातून सोनोग्राफी करतात आणि अस्तराची जाडी मोजतात. चार मिलिमीटरपर्यंत असेल तर बहुधा काळजी नाही. त्याहून जास्त असेल, किंवा डाग पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर अस्तराचा तुकडा तपासायला घेतात.

मग ‘पिशवी’. पिशवी म्हणजे गर्भाशय, हे सगळ्यांना कळतं. शब्द वाईट नाही. अडचण ‘पिशवी काढली’ यात आहे, कारण बाजूची दोन अंडाशयं ठेवली की तीही काढली हे त्यात येत नाही. गर्भाशय काढल्यावर रक्त थांबतं, पण अंडाशयं शाबूत असतील तर संप्रेरकं चालूच राहतात. त्या बाईची पाळी ‘गेली’, रजोनिवृत्ती आलेली नाही. दोन्ही अंडाशयं काढली, तर मात्र रजोनिवृत्ती एकदम येते आणि थोड्याच दिवसांत वाफा सुरू होतात: छातीतून उठून मानेवर, तोंडावर चढणारी ऊब, दोन-चार मिनिटं टिकणारी, मागून घाम आणि कधी हुडहुडी. मे महिन्यातल्या नागपुरात हे ओळखणं अवघडच, कूलरसमोर बसूनही सगळ्यांचंच तोंड लाल. डिसेंबरच्या रात्री पांघरूण फेकून उठायची वेळ आली, की कळतं. याला ‘अंगात उष्णता वाढली’ म्हटलं, की सब्जा आणि गुलकंदावर सहा महिने निघून जातात. ऑपरेशनचा कागद सापडला तर त्यावर काय काय काढलं ते लिहिलेलं असतं, तो बघावा.

‘कावळा शिवला’ या शब्दावर राग धरणाऱ्या पुष्कळ आहेत. मला तो एवढा धोकादायक वाटत नाही. पन्नाशीच्या बाईला त्याचा एकच अर्थ माहीत असतो. अकरा वर्षांच्या मुलीला मात्र तो खराच कावळा वाटतो, तिच्याशी बोलताना नको. ‘विटाळ’ नेमका आहे, पण अपमान करणारा. ‘अडचण’ सभ्य आहे, पण काहीच सांगत नाही. ‘पाळी’ त्या मानाने किती सरळ शब्द! वखराची पाळी, पाण्याची पाळी, तशीच ही; फिरून येणारी वेळ, एवढाच अर्थ. त्याला कुजबुज जोडली ती आपण.

फिरून येते ती किती दिवसांनी, हे मोजताना मात्र चूक होते. “महिन्यातून दोनदा येते” म्हणून घाबरलेली बाई विचारल्यावर सांगते, मार्चच्या एक तारखेला आली आणि अठ्ठावीसला परत. ती सत्तावीस दिवसांची, अगदी नेमाची पाळी. महिनाच एकतीस दिवसांचा आहे. दुसरीची तीन तारखेला सुरू होते, आठला थांबते, एकोणतीसला पुन्हा येते. ती आठपासून मोजते आणि एकवीस दिवस सांगते. मोजायचं असतं रक्त सुरू झालेल्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत, म्हणजे सव्वीस. डॉक्टर ‘शेवटची पाळी कधी’ विचारतात तेव्हा त्यांनाही तिचा पहिला दिवसच हवा असतो, हे सहसा कुणी फोड करून सांगत नाही.

स्वयंपाकघरात भिंतीवर दुधाचे हिशेब लिहिलेलं कॅलेंडर असतंच. त्याच चौकटीत पहिल्या दिवसाला एक फुली, डाग असेल तर ठिपका. वर्ष संपलं की हे कॅलेंडर रद्दीत घालायचं नाही. काकूंच्या संक्रांतीच्या चौकटीत फुली असती, तर बोटं मोजावी लागली नसती.