सुटणारं वजन आणि गुरुत्वमध्य

आज ड्रोनला एकदाची सोडयंत्रणा बसली, म्हणजे हवेतून वाळूची पिशवी खाली सोडणारी जोडणी. पिन ओढायला नऊ ग्रॅमची छोटी मोटर म्हणजे सर्व्हो, पोलादी तारेची पिन आणि समोरासमोर भोकं असलेली पट्टी, बस्स. पिन दोन्ही भोकांतून आरपार जाते आणि पिशवीचा दोरा मधल्या फटीत पिनेवर अडकतो. त्यामुळे भार पट्टीच्या भिंतींवर येतो आणि सर्व्होला फक्त घर्षणाशी झगडावं लागतं. दोरा थेट सर्व्होच्या हातालाच अडकवला, तर तो सतत गुणगुणत राहतो, तापतो आणि बॅटरी खातो. त्या बारीक आवाजावरून लगेच कळतं, की भार चुकीच्या जागी आहे.

खरा वेळ गेला तो तोलात. बॅटरीसकट ड्रोन 1080 ग्रॅम आणि वाळूची पिशवी 120. समोर मोकळी जागा होती, म्हणून पिशवी मध्यापासून 4 सेंटीमीटर पुढे टांगायचा मोह झाला. हिशेब मांडला: 120 गुणिले 4, म्हणजे 480. एवढा तोल सावरायला 200 ग्रॅमची बॅटरी 2.4 सेंटीमीटर मागे सरकवावी लागेल. कागदावर छान जमतं. पण पिशवी सुटली की बॅटरी मागेच राहणार आणि गुरुत्वमध्य साधारण साडेचार मिलिमीटर मागे जाणार. ड्रोन काही कोसळणार नाही, पण सुटण्याच्या क्षणी शेपूट खाली झुकेल आणि ड्रोनवरच्या फ्लाइट कंट्रोलरने सावरेपर्यंत तो जागेवरून घसरेल. नेम धरून टाकायचं असेल तर हे नको.

म्हणून जे कायम राहणार आणि जे जाणार, त्यांचा तोल वेगळा धरला. सर्व्हो, पट्टी आणि स्क्रू मिळून 30 ग्रॅम, मध्यापासून 5 सेंटीमीटर पुढे. ते कुठेच जाणार नाहीत, तेव्हा बॅटरी साडेसात मिलिमीटर मागे सरकवून त्यांचा हिशेब मिटवला. रिकामा ड्रोन दोन बोटांवर उचलून पाहिला, आडवा राहिला. मग पिनेपासून दोरा मागे ओढून पिशवी बरोबर त्या बोटांच्या रेषेत, मधोमध टांगली आणि पुन्हा उचलला. तरीही आडवाच. तपासणी अशी दोनदा हवी, एकदा रिकाम्याने आणि एकदा भरल्याने.

पंखे काढून टेबलावर दुप्पट वजन टांगूनही पिन ओढून पाहिली, कारण भार वाढला की घर्षण वाढतं आणि घट्ट पिन नेमकी तेव्हाच अडकते. सर्व्होला वीज वेगळ्या 5 व्होल्टच्या रेग्युलेटरवरून दिली आहे. अडकलेला सर्व्हो बराच करंट ओढतो आणि त्यापायी हवेत फ्लाइट कंट्रोलर बंद पडावा, हे मला परवडणारं नाही.

संध्याकाळी उडवला. नोंदींमध्ये पुढच्या आणि मागच्या मोटरींचे आकडे पिशवी सुटण्याआधी आणि नंतर जवळपास सारखेच. मात्र वजन दहा टक्क्यांनी घटल्यामुळे ड्रोन टुणकन वर उसळला. तो तोलाचा दोष नाही, उंची धरून ठेवणाऱ्या मोडने थ्रॉटल कमी करेपर्यंतचा उशीर आहे. डोक्यावर फांदी असेल तिथे मात्र सोडायचं नाही.