रविवारचे भांडण

आम्ही इंदूरला विजयनगरमध्ये राहतो आणि सासूबाई रामबागेतल्या जुन्या घरी. दर तीन-चार आठवड्यांनी रविवारी सकाळी, पोहे-जलेबी पुढ्यात असतानाच, आमचे ठरलेले भांडण होत असे. "एखादा रविवार तरी घरी राहू या," असे मी म्हणे आणि "तुला माझ्या माणसांचे वावडेच आहे," असे हे म्हणत.

एका रविवारी माझे म्हणणे मान्य होऊन आम्ही घरी राहिलो आणि तरीही दिवसभर माझा राग उतरला नाही, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. मागितलेले मिळूनही राग उरतो, त्या अर्थी आपण मागत होतो तो नुसता उपाय होता आणि गरज दुसरीच कुठली तरी होती. म्हणून पुढचे 12 रविवार मी कॅलेंडरवर दोनच गोष्टी टिपल्या: भांडण झाले का, आणि जायचे कसे ठरले. मनात काय आले ते मुद्दाम लिहिले नाही, कारण रागावलेले मन स्वतःचीच वकिली करते. आम्ही 8 वेळा रामबागेत गेलो होतो, पण भांडण 3 वेळाच झाले होते, आणि त्या तिन्ही वेळा ह्यांनी फोनवर "हो, येतो" असे सांगून टाकल्यावर मला कळवले होते. उरलेल्या 5 वेळा आधी विचारले होते, आणि मी हौसेने गेले होते. म्हणजे मला सुटीचा दिवस नको होता, ठरवण्यात माझा शब्द हवा होता.

हे सांगताना मात्र मी चुकले. ऐन भांडणात कॅलेंडर पुढे केले, आणि त्यांना ते आरोपपत्र वाटले. शरीर तापलेले असताना समोरचा ऐकूच शकत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन अशा वेळी निदान 20 मिनिटे थांबायला सांगतात. मी बुधवारपर्यंत थांबले. जेवण झाल्यावर, "का विचारत नाही?" असे न म्हणता, "आईंना 'विचारून सांगतो' म्हणणे तुम्हाला कशामुळे जड जाते?" असे विचारले. बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "बाबा गेल्यापासून आईला कशासाठीही ताटकळावे लागू नये, असे वाटते. विचारून सांगतो म्हटले, तर तिला वाटेल, मुलगा परका झाला."

वर्षभर मी ज्याला बेपर्वाई समजत होते, ती ही धास्ती होती. मग असे ठरले की त्यांनी "दहा मिनिटांत फोन करतो, आई" असे म्हणायचे आणि तो फोन खरोखर करायचा. (बोलायचीच भीती वाटते किंवा हात उगारला जातो, अशा घरात हे करून पाहू नये, तिथे आधी सुरक्षितता हवी.)

मार्चमध्ये हे विसरले. मी रामबागेचे नावही न काढता "मला विचारायचे राहिले" एवढेच म्हटले. त्यांनी फोन उचलला आणि आईंकडून अकराऐवजी पाचची वेळ मागून घेतली.